पावणेचार टँकर

मार्च महिना अर्धा सरला की पुण्याच्या कडेकडेच्या सोसायट्यांमध्ये गणिताला बरे दिवस येतात. दहावीची परीक्षा संपल्या दिवसापासून ज्यांनी भागाकाराचं तोंड पाहिलं नाही, अशी भली माणसं लिफ्टमध्ये, जिन्यात, दूध आणायला जाताना आकडेमोड करू लागतात. विषय एकच असतो आणि प्रश्नही एकच: "आज किती सांगायचे?" काय सांगायचे, कुणाला सांगायचे, हे विचारावं लागत नाही. उन्हाळ्यात नुसतं "सांगायचे" म्हटलं की ते टँकरच असतात.

वरवर पाहिलं तर हे चौथीचं गणित आहे. जमिनीखालची टाकी अमुक लिटरची. तीत शिल्लक पाणी तमुक लिटर. वजाबाकी करायची, येणाऱ्या उत्तराला टँकरच्या मापानं भागायचं, की झालं. शाळेत आपण हौद आणि नळांची याहून अवघड उदाहरणं सोडवली आहेत. त्यात एक नळ हौद भरत असे आणि दुसरा तोच हौद रिकामा करत असे. असला उद्योग कोण आणि कशासाठी करतं, हा प्रश्न गुरुजींना विचारायची सोय नव्हती. त्याचं उत्तर सोसायटीत राहायला आल्यावर मिळतं. इकडून टँकर टाकी भरत असतो आणि तिकडून चाळीस घरं ती रिकामी करत असतात. पुस्तकातला हौद मात्र सज्जन असे. गणित सुरू होताना तो एक तर पूर्ण रिकामा असे, नाही तर पूर्ण भरलेला. "हौदात किती पाणी आहे ते काठी घालून पाहा," असं पुस्तक कधी म्हणालं नाही. खरी गंमत नेमकी तिथेच आहे.

आमच्या टाकीचंच उदाहरण घेऊ. पार्किंगच्या खाली ती आहे. आतून सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल. गुणाकार केला की साठ घनमीटर होतात. एका घनमीटरात हजार लिटर मावतात, म्हणून भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलं आहे: "क्षमता ६०,००० लिटर". हे वाचून पाहुणे प्रभावित होतात. पण ही टाकी साठ हजारांची फक्त भिंतीवर आहे. वरच्या कडेपासून २५ सेंटिमीटर खाली ओव्हरफ्लोचा पाइप बसवलेला आहे. पाणी तिथवर चढलं की पुढचं सगळं गटाराकडे चालू लागतं. तळापासून २५ सेंटिमीटर वर पंपाचा फूटव्हॉल्व्ह आहे. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप नुसता घरघरतो, हवा ओढतो आणि तापतो. थोडक्यात, वरचे सहा हजार लिटर ठेवता येत नाहीत आणि खालचे सहा हजार काढता येत नाहीत. उरले अठ्ठेचाळीस हजार, तेवढेच आपले.

या टाकीचा एक आकडा मात्र प्रत्येकानं पाठ करावा असा आहे. सहा गुणिले चार म्हणजे चोवीस चौरस मीटरचा तळ. त्यावर एक सेंटिमीटर पाणी चढलं की २४० लिटर झाले. हा आकडा हाती असला की लिटरमध्ये बोलायची गरजच उरत नाही. दहा हजारांचा टँकर म्हणजे पावणेबेचाळीस सेंटिमीटर. सगळा हिशोब काठीवर उतरतो.

काठी ही आमच्याकडे वॉचमनमामांच्या ताब्यात असते. लांब वेळू, त्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल टेपचा वेढा. सकाळी झाकण सरकवायचं, काठी उभी आत सोडायची, तळाला टेकली की वर काढायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. मामांनी एका सकाळी जाहीर केलं, "शंभर." सेक्रेटरी मॅडमनी तोंडी हिशोब केला. ओव्हरफ्लोची रेघ तळापासून सव्वादोनशेवर. त्यातून शंभर गेले, उरले सव्वाशे. गुणिले २४०, बरोबर तीस हजार. तीन टँकर. पॉइंट नाही, बाकी नाही. इतकं नीटस उत्तर आलं की माणसानं तिथेच थांबावं. पण तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर साहेब तिथेच उभे होते, आणि नीटस उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही ही त्यांची नोकरीतली सवय होती.

"मामा, काठी जरा फूटभर बाजूला टेकवा बरं."

मामांनी बाजूला टेकवली. ओल आली सत्तरवर.

"हे काय? एवढ्यात तीस सेंटिमीटर पाणी गेलं कुठं?" मॅडम दचकल्या.

"गेलं कुठं नाही. ते आलंच नव्हतं," साहेब म्हणाले.

टाकी धुताना गाळ आणि मळकं पाणी एका जागी गोळा व्हावं म्हणून तळात एक खड्डा करून ठेवलेला असतो. तो उपसायला सोपा जावा म्हणून बरोबर झाकणाखाली असतो. लांबी-रुंदी दोन-दोन फूट, खोली फूटभर. त्यात पाणी मावतं जेमतेम शंभर लिटर. पण काठी त्या खड्ड्यात उतरली की तीस सेंटिमीटर जास्त दाखवते आणि आपण ते तीस सेंटिमीटर सगळ्या तळावर पसरून मोकळे होतो. तीस गुणिले २४० म्हणजे ७,२०० लिटर. शंभर लिटरच्या खड्ड्यानं पाऊण टँकरची थाप मारली. ओळखायची खूण सोपी आहे. काठीचं टोक गाळानं माखून वर आलं तर ती खड्ड्यात होती. बाजूला टेकलेली काठी स्वच्छ येते, आणि टेकताना 'ठक' वाजते.

तर खरी शिल्लक सत्तर सेंटिमीटर, म्हणजे १६,८०० लिटर. आता वजाबाकी. इथे दुसरी पंचाईत उभी राहिली.

"पण सत्तरातले पंचवीस पंपाला मिळतच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे आपली शिल्लक पंचेचाळीसच. मग सव्वादोनशेतून पंचेचाळीस वजा करा. एकशे ऐंशी. त्रेचाळीस हजार दोनशे लिटरची जागा आहे. चार टँकर सहज बसतील."

यावर साहेबांनी जे वाक्य उच्चारलं ते ऑइलपेंटनं भिंतीवर लिहिण्याच्या लायकीचं आहे. "अहो, पंपाला मिळत नाही म्हणून पाणी जागा सोडत नाही."

खरं तर मॅडमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ते चुकीच्या प्रश्नाला दिलेलं बरोबर उत्तर होतं. टाकीतल्या शिलकीला दोन प्रश्न विचारता येतात. "अजून किती मावेल?" हा एक आणि "अजून किती पुरेल?" हा दुसरा. मावण्याच्या प्रश्नात तळापासूनचं सगळं पाणी मोजावं लागतं, कारण ते बसलेलं आहे. पुरण्याच्या प्रश्नात फूटव्हॉल्व्हच्या वरचं तेवढंच धरायचं, कारण खालचं कुणाच्या बादलीत येणारच नाही. त्या सकाळी मावायला जागा होती १५५ सेंटिमीटरची, म्हणजे ३७,२०० लिटरची. पुरायला पाणी होतं ४५ सेंटिमीटर, म्हणजे १०,८०० लिटर. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी घराचं ठरलेलं माप. चाळीस घरांत सरासरी चार माणसं धरली तर दिवसाला २१,६०० लिटर लागतात. म्हणजे शिल्लक नेमकी अर्ध्या दिवसाची. एकाच काठीवरची एकच ओल, पण एका प्रश्नाला सत्तर सांगते आणि दुसऱ्याला पंचेचाळीस. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी घातले की एक तर पार्किंगमध्ये तळं होतं, नाही तर दुपारी नळ कोरडे पडतात.

हा गोंधळ सोसायटीपुरता आहे असं मानून कुणी ओशाळं होऊ नये. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचा जीव सुमारे ११७ टीएमसीचा. त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठ्यात, म्हणजे हिशोबाच्या रेघेखाली. बाकीचा सुमारे ५३ टीएमसी तेवढा उपयुक्त. म्हणून कडक उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत "उजनी वजा तीस टक्के" अशी बातमी येते आणि मुंबईच्या माणसाला कळत नाही की धरणात उणं पाणी साठवतात कसं. पाणी असतंच. ते रेघेच्या खाली असतं. पुरण्याच्या हिशोबात ते उणं. पण पाऊस पडून धरण भरू लागलं की आधी तोच खड्डा भरून निघावा लागतो. आमच्या फूटव्हॉल्व्हखालचे सहा हजार लिटर आणि उजनीचे ६४ टीएमसी हे एकाच जातीचं पाणी आहे, एवढं समजलं तरी मीटिंगमधला अर्धा तास वाचतो.

असो. ३७,२०० भागिले १०,०००. उत्तर ३.७२. आपल्या बोलीत पावणेचार.

आता पावणेचार हे उत्तर घड्याळात चालतं, टँकरमध्ये चालत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला पावणेचार बस ठरवत नाहीत, तसंच हे. ताबडतोब दोन पक्ष पडले. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, चार सांगा. पुस्तकात असंच शिकवलं आहे. अपूर्णांक आला की पुढचा पूर्णांक घ्यायचा, नाही तर हौद भरत नाही. तळमजल्यावरचे म्हणाले, तीन सांगा. पुस्तकातल्या हौदाच्या शेजारी गाड्या उभ्या नसतात आणि चौथ्या टँकरचे पैसे पुस्तकाला द्यायचे नसतात. चौथा टँकर आला की त्यातले ७,२०० लिटर मावतील. उरलेले २,८०० एक तर ओव्हरफ्लोतून गटारात जातील, नाही तर टँकरमधून परत जातील. दोन्हीकडे बिल पूर्ण दहा हजारांचंच. टँकर हा खेपेवर विकला जातो, लिटरवर नव्हे. उरलेल्या पाण्याची वजावट मागणारा माणूस टँकरवाल्याला अजून भेटायचा आहे.

दोन्ही पक्षांच्या मध्ये एक तोडगा असतो आणि तो मामांना ठाऊक असतो, पण त्यांना कुणी विचारत नाही. चौथा टँकर फाटकात आला की आधी पंप सुरू करायचा. सकाळची आंघोळीची वेळ होऊन गेलेली असते, गच्चीवरच्या टाक्या उतरलेल्या असतात. आमचा पंप तासाला दहा हजार लिटर वर चढवतो. २,८०० लिटरची जागा करायला त्याला जेमतेम सतरा मिनिटं लागतात, आणि टँकर पाइप जोडून रिकामा होईतो ती होऊनही जाते. जागा खाली नसेल तर ती वर शोधायची, एवढीच युक्ती. मात्र ही युक्ती सकाळची आहे. रात्री वरच्या टाक्या तुडुंब असताना पंप लावला तर तेच पाणी गच्चीवरून वाहतं आणि वरच्या मजल्यावरचे पक्ष बदलतात.

इथवर आपण टँकर दहा हजारांचा धरून चाललो. टँकरच्या पोटावरही तसंच लिहिलेलं असतं. पण ज्यांनी भिंतीवरच्या साठ हजारांचं काय झालं ते पाहिलं आहे, त्यांनी दुसऱ्याच्या ऑइलपेंटवर कशाला विश्वास ठेवावा? टँकरचं पाणी मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. आपली टाकीच मोठं मापटं आहे. पंप बंद ठेवायचा, टँकर ओतण्यापूर्वी काठी घालायची, ओतून झाल्यावर पुन्हा घालायची. दहा हजार लिटर आले असतील तर पाणी ४१.७ सेंटिमीटर चढायला हवं. आमच्याकडे चढलं ३९. म्हणजे ९,३६० लिटर. बाकीचे ६४० कुठे गेले?

चोरी झाली असं लगेच म्हणू नये. टँकरचं पोट आडवं आणि लंबगोल असतं, त्यामुळे त्यात उंचीचा आणि पाण्याचा संबंध सरळ राहत नाही. समजा टाकी साडेचार मीटर लांब, मध्ये १.९ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे. ती काठोकाठ भरली तर दहा हजारांच्या किंचित वर जाते. भरण केंद्रावर रांग असते, वरच्या झाकणातून बघून "भरला" म्हणतात आणि वर दहा सेंटिमीटर रिकामं राहतं. तिथे पोट निमुळतं असल्यानं ते जेमतेम तीनशे लिटर होतात. हेच दहा सेंटिमीटर मधल्या भागात साडेआठशे लिटर झाले असते. झाकणातून डोकावून दिसणारी तूट दिसते त्याहून लहान असते, हा टँकरच्या बाजूचा मुद्दा आहे आणि तो न्यायानं मान्य केला पाहिजे.

उरलेली तूट आपल्याच फाटकात होते. टँकरचा व्हॉल्व्ह मागच्या टोकाला, तळाशी असतो. आमच्या फाटकातून आत येताना उतार आहे. टँकर तोंड पुढे करून आत आला की नाक खाली आणि शेपूट वर. मग शेवटचं पाणी ड्रायव्हरच्या केबिनमागे जाऊन बसतं आणि व्हॉल्व्हपर्यंत येतच नाही. टाकीच्या लांबीत वीतभराचा उतार असला तरी तीनशेहून जास्त लिटर तिथे सुखानं प्रवास करून परत जातात. रिव्हर्स घेऊन उभा केला तर तेच पाणी आपोआप मागे येतं. यासाठी एक पैसा लागत नाही, फक्त ड्रायव्हरला "दादा, मागं घेऊन लावा" असं पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

आणि एक शेवटची धार. पाणी स्वतःच्या वजनानं बाहेर पडतं, म्हणून टँकर भरलेला असताना जोर मोठा आणि उतरत जाईल तसा मंद. आडव्या लंबगोल टाकीचा कागदावर हिशोब मांडला तर वरचं अर्धं पाणी एकतृतीयांशाहून थोड्या जास्त वेळात जातं आणि खालच्या अर्ध्याला जवळजवळ दोनतृतीयांश वेळ लागतो. तळाच्या पाच टक्के पाण्याला तर पंधरा टक्के वेळ. वीस मिनिटांत रिकामा होणारा टँकर शेवटच्या पाचशे लिटरसाठी तीन मिनिटं खातो. त्या तीन मिनिटांत ड्रायव्हरचा फोन दोनदा वाजतो, पुढची सोसायटी वाट पाहत असते.

"झाला साहेब खाली. धार बघा ना, गेलीच."

"धार गेली, पाणी गेलं नाही. थांबा जरा."

हा संवाद रोज होतो आणि त्यात दोघांचंही बरोबर असतं. फक्त तीन मिनिटं कुणाची, यावर ते ठरतं.

आता ९,३६० हा खरा आकडा घेऊन गणित पुन्हा मांडलं तर मजा होते. तीन टँकरांचे २८,०८०. जागा होती ३७,२००, उरली ९,१२०. चौथा टँकर ९,३६०. म्हणजे जास्तीचे फक्त २४० लिटर, रेघेच्या वर एक सेंटिमीटर! ज्या काटछाटीवरून टँकरवाल्याशी वाद घालायचा, तिनंच पावणेचाराचे चार करून दिले. वरच्या मजल्यावरचे जिंकले, पण ज्या कारणानं ते जिंकले ते त्यांना आवडलं नाही.

मग चारच सांगायचे का? साहेबांचं मत तरीही तीनच होतं, आणि विचार केला की ते पटतं. एक कारण पहाटेचं आहे. नळाचं पाणी उन्हाळ्यातही पहाटे थोडा वेळ येतं. टाकीत त्याच्या तोंडाशी तरंगणारा बॉल असलेला व्हॉल्व्ह आहे. पाणी रेघेला भिडलेलं असलं की बॉल वर उचललेला राहतो आणि व्हॉल्व्ह बंद. म्हणजे रात्री आपण विकतच्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरली, तर पहाटेचं नळाचं पाणी दारात येऊन परत जातं. भरलेल्या टाकीत स्वस्त पाण्याला जागा नसते.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. दिवसाला लागतात २१,६०० लिटर. टँकर देतो ९,३६०. रोज सव्वादोन टँकरांहून थोडं अधिक. वरच्या पूर्णांकात गेलं तर रोज तीन, आणि त्यातलं पाऊण टँकर पाणी रोज जागा शोधत फिरणार. पण तीन दिवसांचा हिशोब एकत्र केला तर लागतात ६४,८०० आणि सात टँकर देतात ६५,५२०. दोन, दोन, तीन. तीन दिवसांनी काठी पाहिली तर पाणी होतं तिथेच, वर तीन सेंटिमीटर जास्तच. नळानं काही दिलं तर तो एकेक टँकर वाचवतो. ज्या अपूर्णांकावरून दोन पक्ष पडले, तो कुणी वरही ढकलायला नको आणि खालीही. तो टाकीत राहतो आणि उद्याची शिल्लक म्हणून काठीवर दिसतो. वहीतल्या भागाकारात उरलेली बाकी पानाच्या कोपऱ्यात पडून राहते. टाकीतल्या भागाकारात ती दुसऱ्या दिवशी भांडी घासायला उपयोगी पडते.

हे सगळं ज्यांच्याकडे शिल्लक असते त्यांचं गणित आहे, हेही सांगायला हवं. मराठवाड्यातल्या गावात टंचाईचा टँकर मंजूर होतो तेव्हा माणशी वीस लिटर धरतात. अठराशे वस्तीच्या गावाला ३६,००० लिटर, बारा हजारांच्या टँकरच्या तीन खेपा. तिथे ओव्हरफ्लोची रेघ नसते, बॉल नसतो, चाळीस घरांचे दोन पक्ष नसतात. टँकर विहिरीत ओततात आणि पोहऱ्यानं पाणी शेंदून काढतात. विहीर आटली म्हणूनच टँकर आला, तेव्हा वजा करायला काही नसतंच. आमच्या टाकीत त्या सकाळी जेवढी जागा रिकामी होती, जवळजवळ तेवढ्या पाण्यात त्या गावाचा दिवस निघतो. त्यामुळे २,८०० लिटर गटारात गेले तर काय झालं, असं कुणी लिफ्टमध्ये म्हणालं की तो भागाकार मला नुसता चौथीचा वाटत नाही.

तेव्हा ज्यांच्या घराखाली अशी टाकी आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. टाकीची आतली लांबी-रुंदी एकदा टेपनं मोजा आणि सेंटिमीटरला किती लिटर ते झाकणाशेजारी लिहून ठेवा. काठी खड्ड्यात टेकवू नका. मावायचं मोजताना तळापासून मोजा, पुरायचं मोजताना फूटव्हॉल्व्हपासून. टँकर एकदा तरी आपल्या टाकीत मोजून घ्या आणि तो शेपूट उताराकडे करूनच लावायला सांगा. भागाकार करून पावणेचार आले तर तीनच सांगा. चौथ्याचं उद्या काठी पाहून ठरवता येतं.